गल्ला रोज जुळत होता, तरी ६४ हजार गेले

बिलाची रक्कम कॉम्प्युटरवरून थेट कार्ड मशीनवर जाते, कॅशियर ती पुन्हा टाइप करत नाही, म्हणजे आता चोरीला वावच उरला नाही, असं बऱ्याच दुकानदारांना वाटतं. इंदूरला राजवाड्याजवळच्या एका साड्यांच्या दुकानात याच समजुतीपायी सात आठवड्यांत ११ बिलांचे मिळून ६४,३८० रुपये गेले. त्या काळात रात्रीचा गल्ला एकदाही चुकला नव्हता. खरं तर तो चुकत नव्हता, म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

दुकानात दोन काउंटर, दोन मशीनं. बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याने ‘ऑटोमॅटिक कार्ड इंटिग्रेशन’ म्हणून १४,००० रुपये घेतले आणि एक बिल करून दाखवलं. ‘कार्ड’ बटण दाबलं, दोन-तीन सेकंदांत मशीन वाजलं, पडद्यावर बरोबर रक्कम आली, मालक खूश. उलट दिशेने मशीनकडून काय येतं, हे त्या दिवशी कुणी विचारलंच नाही.

इंटरनेटवरून होणाऱ्या जोडणीत व्यवहार दोन टप्प्यांत होतो. आधी सॉफ्टवेअर मशीनच्या कंपनीच्या सर्व्हरला बिलाचा नंबर, रक्कम आणि कोणतं मशीन ते कळवतं. सर्व्हर लगेच पोच देतो. प्रत्येक कंपनीत शब्द वेगळे असतात, पण साधारण असं:

```
पाठवलं: {"billNo":"A-2217","amountPaise":845000,"terminal":"T2"}
पोच:    {"code":0,"message":"Accepted","requestId":7731}
```

रक्कम बहुतेक ठिकाणी पैशांत जाते, म्हणून ८,४५० रुपयांचे ८४५०००. (इथे रुपये-पैशांचा घोळ झाला तर मशीनवर ८४ रुपये ५० पैसे दिसतात. अशी चूक पहिल्याच दिवशी पकडली जाते, त्यामुळे तिची फार धास्ती नको.) खरी मेख त्या पोचपावतीत आहे. `Accepted` म्हणजे ‘तुमची मागणी मिळाली’, एवढंच. ग्राहकाने अजून कार्ड लावलेलं नाही, पिन टाकलेला नाही. पैसे खरोखर आले का, हे कळायला सॉफ्टवेअरने तोच `requestId` घेऊन दर काही सेकंदांनी सर्व्हरला विचारत राहायचं असतं, आणि शेवटी असं उत्तर यायला हवं:

```
{"requestId":7731,"status":"Approved","amountPaise":845000,
 "authCode":"084512","rrn":"431907218846"}
```

हे उत्तर आल्यावर, आणि त्यातली रक्कम बिलाशी जुळल्यावरच बिल बंद व्हायला पाहिजे. या सॉफ्टवेअरवाल्याने दुसरा टप्पा लिहिलाच नव्हता. पहिली पोच आली की बिलावर ‘पेड – कार्ड’ छापून तो मोकळा. पैसे पूर्ण जोडणीचे घेतले आणि काम अर्धं दिलं, ही पहिली फसवणूक.

दुसरी काउंटरवरची. कॅशियरच्या लक्षात आलं की ‘कार्ड’ दाबताच बिल छापून बाहेर येतं. मग तो मशीनवरचं लाल बटण दाबून व्यवहार रद्द करायचा आणि ग्राहकाला म्हणायचा, “भाऊसाहेब, नेट चालत नाहीये, कॅश देता का?” लग्नसराईची गर्दी, मागे रांग, ग्राहक नोटा मोजून द्यायचा. बिल हातात, साडी पिशवीत. बिलावर खाली बारीक अक्षरांत ‘कार्ड’ लिहिलंय हे कोण बघतो? नोटा कॅशियरच्या खिशात.

आता रात्रीचा हिशेब बघा. सॉफ्टवेअरच्या लेखी ते बिल कार्डाचं, म्हणजे गल्ल्यात त्याची रोकड असायलाच नको. त्यामुळे गल्ला रुपयापर्यंत जुळतो. तूट कार्डाच्या बाजूला पडते, आणि ती बाजू मालक बँकेत जमा झालेल्या रकमेवरून तपासत होते. एका शनिवारी सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची विक्री ९२,६४० होती आणि दोन्ही मशीनच्या दिवसअखेरच्या बेरजा ८४,१९०. फरक ८,४५०, म्हणजे वरचंच A-2217. पण मालकांनी मशीनची बेरीज काढलीच नव्हती. बँकेत ८३,१०० आले, तेही दोन नोंदींत, आणि बाकीचं कमिशन असेल असं त्यांनी धरलं. ९२,६४० वर ९,५४० म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. डेबिट कार्डाचं कमिशन २०१८ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ०.९ टक्के आहे, क्रेडिट कार्डाचं साधारण दोनच्या आसपास. दहा टक्के कापले जाणं शक्यच नाही. पण कमिशन नेमकं किती ठरलंय, हे ज्याला तोंडपाठ नसतं त्याला कुठलाही आकडा कमिशनच वाटतो.

शोध लागला तो एका ग्राहक बाईंमुळे. त्या साडी बदलायला आल्या आणि “मी तर रोख दिले होते, हे कार्ड काय लिहिलंय?” असं त्यांनी काउंटरवर विचारलं. मग कार्डाच्या सगळ्या बिलांची यादी काढून ती मशीनच्या कंपनीच्या पोर्टलवरच्या व्यवहारांशी ताडून पाहिली. ११ बिलांना जोडीदार व्यवहारच नव्हता. आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा १२ आकडी नंबर, बिलात साठवला जात असता तर यादी पाच मिनिटांत निघाली असती. इथे रक्कम आणि वेळ जुळवत दोन दिवस गेले.

जोडणी घेताना सॉफ्टवेअरवाल्यासमोर बसून एक रुपयाचं बिल करा. रक्कम मशीनवर आली की कार्ड न लावता लाल बटण दाबा. बिल उघडंच राहिलं पाहिजे. बंद होऊन छापलं गेलं तर पैसे देऊ नका. दुसऱ्या बिलाला रक्कम मशीनवर पोचल्यावर कॉम्प्युटरचं नेट काढा, मशीनवर कार्डाने पैसे भरा आणि मग नेट लावा. चांगलं सॉफ्टवेअर स्वतःहून जुन्याच `requestId` ने चौकशी करतं आणि बिल बंद करतं. जे नुसतं ‘फेल’ दाखवून रक्कम पुन्हा पाठवायला सांगतं, ते एक ना एक दिवस ग्राहकाचे दोनदा पैसे कापणार. शेवटी भरलेला व्यवहार मशीनवरून ‘व्हॉइड’ म्हणजे रद्द करा आणि बिलाचं काय होतं ते पाहा. दिवसाची बॅच बंद होईपर्यंत व्हॉइड करता येतो. बिल तरीही ‘पेड’च राहत असेल तर चोराला तीच दुसरी वाट. म्हणून मशीनच्या कंपनीकडून व्हॉइडला वेगळा पासवर्ड लावून घ्या आणि तो काउंटरवर देऊ नका. मशीनवर हाताने रक्कम टाकून विक्री करायची सोयही बंद करून घेता येते.

या दुकानात आता दोन्ही टप्पे चालू आहेत. नेट खरंच गेलं तर ‘कार्ड – हाताने’ असं एक बटण ठेवलंय, पण ते मालकांच्या पासवर्डशिवाय उघडत नाही आणि त्यात स्लिपवरचा आरआरएन लिहावा लागतो. बारा आकडे कुणीही मनाने लिहू शकतो, म्हणून त्या बिलांच्या स्लिपा टाचणीला लावून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी पोर्टलवर एकेक तपासतात.