यील्डपलीकडे किती वाकवावे? एकाच बीमच्या दोन पर्यायांची तुलना

ज्या बीमवर भार कायम एकाच दिशेने येणार आहे, तो वापरात घेण्याआधी त्याच दिशेने यील्डपलीकडे, म्हणजे कायमचा वाक राहील इतका, वाकवून सोडण्याची युक्ती जुनी आहे. त्याने ताणाच्या कडेला आधीच दाब उरतो आणि वापरात तिथला ताण कमी होतो. वाहनांच्या स्प्रिंगनाही असेच आधी जास्त दाबून घेतात. प्रश्न असतो तो किती वाकवायचे याचा. त्यासाठी एकच बीम घेऊन दोन पर्याय समोरासमोर ठेवतो.

बीमची रुंदी ६० मिमी, उंची १०० मिमी. पोलाद २५० मेगापास्कलला यील्ड होते आणि त्यापुढे स्ट्रेस वाढत नाही, असे धरू. यंगचा मापांक E २०० गिगापास्कल. कडेला यील्ड सुरू होते तो वाकवणारा मोमेंट २५ किलोन्यूटन-मीटर, आणि पूर्ण छेद प्लास्टिक होतो तो ३७.५.

पर्याय अ: मधला अर्धा भाग इलॅस्टिक, यील्ड न झालेला, ठेवायचा, म्हणजे मध्यरेषेपासून वर-खाली २५ मिमीपर्यंत. त्याला मोमेंट लागतो ३४.४.

पर्याय ब: इलॅस्टिक गाभा १० मिमीपर्यंतच उरेल इतके वाकवायचे. मोमेंट ३७.

‘अ’चा हिशेब सावकाश पाहू. भार असताना खालच्या कडेला ताण २५० आहे. भार काढताना सगळा छेद इलॅस्टिक वागतो, म्हणून My/I या सरळ रेषेने स्ट्रेस वजा होतो; M म्हणजे मोमेंट, y मध्यरेषेपासूनचे अंतर, I छेदाचा जडत्व-मोमेंट. कडेला ही वजाबाकी ३४४ येते. २५० मधून ३४४ गेले, म्हणजे कडेला ९४ मेगापास्कल दाब उरला. २५ मिमीवर मात्र वजाबाकी फक्त १७२, तिथे ७८ ताण उरतो. कारण सोपे आहे: बाहेरचे थर कायमचे लांबलेले, आतला गाभा मूळ लांबीला परतू पाहणारा, आणि दोघे एकमेकांना चिकटलेले. मध्यरेषेच्या वरच्या बाजूला हेच चित्र, चिन्हे उलटी.

| | अ | ब |
|---|---|---|
| खालच्या कडेला उरलेला दाब (मेगापास्कल) | ९४ | १२० |
| गाभ्याच्या सीमेवर उरलेला ताण (मेगापास्कल) | ७८ | १७६ |
| कायमच्या वाकाची त्रिज्या (मी) | ६४ | ११.४ |
| उलट दिशेने यील्ड होणारा मोमेंट (किलोन्यूटन-मीटर) | १५.६ | १३ |

मोमेंट साडेसात टक्क्यांनी वाढवला तर कडेचा दाब सव्वीस मेगापास्कलने वाढला, पण वाक साडेपाच पटींहून जास्त झाला. शिवाय पूर्ण प्लास्टिक अवस्थेपर्यंत गेलो तरी कडेचा दाब १२५ च्या वर जात नाही. ‘ब’ने त्या मर्यादेला जवळपास हात लावलेला आहे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट तक्त्यात दिसत नाही. समजा वापरातला मोमेंट २० आहे. साध्या, न वाकवलेल्या बीमच्या कडेला ताण २०० येईल. ‘अ’मध्ये तो १०६ आणि ‘ब’मध्ये ८०. पण आत पाहा. ‘अ’मध्ये सर्वात जास्त ताण २५ मिमीवर, १७८. ‘ब’मध्ये तो १० मिमीवर, २१६, म्हणजे साध्या बीमपेक्षाही जास्त! फटिग, म्हणजे वारंवार येणाऱ्या भाराने चीर पडणे, बहुतेकदा पृष्ठभागावरून सुरू होतो म्हणून हे एरवी चालून जाते. पण आत त्या जास्त ताणाच्या जागी आडवे भोक पाडलेले असेल किंवा धातूत दोष असेल, तर कडेला मिळवलेले आत गमावले.

म्हणून एकाच दिशेच्या भारासाठी माझी पसंती ‘अ’लाच. ‘ब’ घ्यावा तो वाकलेला आकारच हवा असेल तेव्हा. भार दोन्ही दिशांनी येणार असेल तर दोन्ही नकोत: न वाकवलेला बीम उलट दिशेनेही २५ पर्यंत यील्ड होत नाही, आणि इथे ती सोय १५.६ किंवा १३ वर आली. प्रत्यक्षात ती याहूनही लवकर संपू शकते, कारण एका दिशेने यील्ड झालेले पोलाद उलट दिशेने २५० च्या आधीच यील्ड होऊ लागते. याला बाउशिंगर परिणाम म्हणतात, आणि आपल्या गृहीतकात तो धरलेला नाही.

वाकवल्यावर कडेवरून मशीनिंग करू नका. उपयोगाचा दाब नेमका त्याच थरात असतो, आणि थर गेला की उरलेला बीम पुन्हा आकार बदलतो.

हवा तितकाच वाक आला का, हे फुटपट्टीनेही कळते. मोमेंट एकसारखा असलेल्या, म्हणजे चार बिंदूंवर टेकवून वाकवलेल्या बीमच्या मधल्या भागात १ मीटर सरळ पट्टी लावा आणि मधली फट मोजा. ‘अ’ला ती सुमारे २ मिमी यायला हवी, ‘ब’ला ११. ‘अ’ करायला गेलात आणि फट ५ मिमी आली, तर गाभा ठरवल्यापेक्षा लहान उरला आहे. दाबयंत्रावरचा मोमेंट मोजून हे नीट पकडता येत नाही, कारण त्या टप्प्यात मोमेंट जेमतेम वाढतो आणि वाक झपाट्याने. वाकवताना थांबायचे ते वाक पाहून: भाराखाली १ मीटरमध्ये ६.२५ मिमी झाले की ‘अ’ पूर्ण.