‘१२ टक्के’ ऐकून मी गटाला पाठ फिरवली

परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत अध्यक्षबाईंनी मला बोलायला उभं केलं. तिथं सांगितलं तेच लिहितेय. माझं गाव तासगाव तालुक्यातलं, धंदा शिवणकामाचा.

पिको-फॉलच्या मशीनसाठी ३०,००० हवे होते. आपला गट महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के घेतो. छोटी कर्जं देणाऱ्या एका कंपनीचा माणूस दारात येऊन म्हणाला, "ताई, आमचं फक्त १२." मी हुरळले. त्याचे १२ टक्के पूर्ण ३०,००० वर वर्षभर चालतात, मुद्दल फिटत आलं तरी. याला फ्लॅट रेट म्हणतात. व्याज ३,६०० आणि हप्ता २,८००. वर फी आणि विमा म्हणून १,५०० आधीच कापले, हातात आले २८,५००. म्हणजे खर्च ५,१००.

गटात मी दरमहा २,५०० मुद्दल फेडलं असतं. व्याज उरलेल्या रकमेवरच, पहिल्या महिन्यात ६००, शेवटच्या महिन्यात ५०. वर्षाची बेरीज ३,९००. स्वस्त कोण, ते मला वर्षभराने सचिवबाईंनी वहीत मांडून दाखवलं तेव्हा कळलं.

तरी खरी फसवणूक पुढची. अवकाळीनं द्राक्षं गेली, नवऱ्याची मजुरी थांबली, दोन हप्ते चुकले. त्याच माणसानं दुसऱ्या कंपनीची ओळख काढून दिली. तिचे २०,००० घेतले, त्यातूनच पहिलीचे हप्ते भरले. दुसरीचा हप्ता १,८६७, दोन्ही मिळून ४,६६७. तेव्हा घरात महिन्याला जेमतेम ९,००० यायचे. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की, अशा छोट्या कर्जात घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नकोत. मग कर्ज मिळालं कसं? फॉर्मवर त्यानं उत्पन्न १८,००० लिहिलं होतं. मी वाचलं नाही, सही केली. तो माझाही गाढवपणा.

पहिलं कर्ज लवकर फेडते म्हटलं तर "दंड बसेल" म्हणाला. या कर्जांना मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही, हे बँकेतल्या साहेबांनी सांगितलं. शाखेत जाऊन लेखी हिशेब मागितला. पाच हप्ते उरले होते, म्हणजे १४,०००. बंद करायला लागले १३,३०० च्या घरात. ते गटानं दिले. ‘बाकी नाही’चं पत्र घेतल्याशिवाय मी उठले नाही.

बैठकीत एकीनं विचारलं, "सही करण्याआधी काय बघायचं?" कर्जासोबत मराठीतला ‘मुख्य माहिती’चा कागद द्यावाच लागतो. त्यात फी-विमा धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. माझ्याकडेही तो होता. पिशवीत, घडी न उलगडलेला.