चूक की बरोबर: नुसतं विचारायचं, दुरुस्त करून घ्यायचं, की कारण मागायचं?

कोल्हापुरात सहावी ते दहावीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. घटक चाचणीचा पेपर काढताना स्थानिक शासनाच्या पाठाला दहा गुण ठेवले, तर माझ्यासमोर तीन वाटा असतात. एका गुणाची दहा विधानं, नुसतं चूक की बरोबर. किंवा तीच दहा विधानं, पण चुकीचं असेल तर दुरुस्त करून लिहायचं. किंवा दोन गुणांची पाच विधानं, आणि प्रत्येकाखाली कारणाची ओळ. दहावीच्या बोर्डाच्या पेपरात राज्यशास्त्राला हा तिसराच प्रकार येतो: सकारण स्पष्ट करा, कोणतेही दोन, चार गुण. म्हणून नववी-दहावीला तिसराच घ्यायचा, एवढं ठरलेलं असतं. पण गुण कसे फोडायचे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, आणि सगळा फरक तिथंच पडतो.

आधी अंदाजपंचे उत्तरांचा हिशोब करू. पाठ न वाचलेल्या मुलानं दहा विधानांना डोळे मिटून चूक-बरोबर लिहिलं, तर सरासरी पाच गुण त्याच्या पदरात पडतात. पाच विधानं कारणासह दिली आणि गुण एक अधिक एक असे फोडले, तर त्याच मुलाला अडीच मिळतात. चूक-बरोबरला अर्धाच गुण ठेवला तर सव्वा. म्हणजे नुसतं कारण मागून भागत नाही, निर्णयाला किती गुण ठेवले यावर सगळं अवलंबून आहे.

आता एक विधान जवळून बघू: ‘कोल्हापूर जिल्हा परिषदेची निवडणूक भारताचा निवडणूक आयोग घेतो.’ विधान चूक आहे. भारताचा निवडणूक आयोग संविधानाच्या कलम ३२४ प्रमाणे संसद, विधिमंडळ, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुका घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनं ही सोय झाली. मुलांचा गोंधळ होतो तो साहजिकच आहे. मतदान त्याच शाळेच्या खोलीत, शाई तशीच बोटाला आणि आईबाबांचं नाव त्याच यादीवरून आलेलं. बाहेरून दोन आयोग दिसतच नाहीत.

या विधानाला वर्गात साधारण चार तऱ्हेची उत्तरं येतात.

पहिलं: ‘चूक. कारण जिल्हा परिषदेची निवडणूक भारताचा निवडणूक आयोग घेत नाही.’

दुसरं: ‘चूक. कारण स्थानिक शासन संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि जिल्हा परिषद ही स्थानिक संस्था आहे.’

तिसरं: ‘बरोबर. कारण राज्य निवडणूक आयोग जिल्हा परिषदेची निवडणूक घेतो.’

चौथं: ‘चूक. कारण ही निवडणूक जिल्हाधिकारी घेतात.’

दोन गुण धरून तिन्ही पद्धतींत काय होतं बघा.

| उत्तर | नुसतं चूक-बरोबर | एक + एक | अर्धा + एक + अर्धा |
|---|---|---|---|
| पहिलं | २ | १ | ½ |
| दुसरं | २ | २ | २ |
| तिसरं | ० | १ | १ |
| चौथं | २ | १ | ½ |

शेवटच्या रकान्यातली फोड अशी: निर्णयाला अर्धा, कारणातल्या खऱ्या माहितीला एक, आणि ती माहिती विधानाला नीट जोडली याला अर्धा. मी गेली काही वर्षं हीच वापरते.

मधल्या रकान्यात पहिलं, तिसरं आणि चौथं या तिघांना एकसारखा एक गुण पडतो. पण तीन मुलं तीन ठिकाणी उभी आहेत. पहिल्यानं विधानालाच ‘नाही’ जोडलं आहे, नवं काहीच सांगितलेलं नाही. तिसऱ्याला खरी गोष्ट माहीत आहे, फक्त ‘भारताचा’ हा शब्द त्याच्या नजरेतून सुटला किंवा दोन आयोग वेगळे आहेत हे त्याला उमगलं नाही. नुसत्या चूक-बरोबरमध्ये याच मुलाला शून्य मिळतं, ते मला अजिबात पटत नाही. काही शिक्षक ‘निर्णय चुकला की कारण वाचायचंच नाही’ असा नियम लावतात. तपासणी झटपट होते, पण तिसऱ्या मुलावर तो अन्याय आहे.

चौथ्यानं काहीतरी खरं पाहिलेलं आहे. आयोगाच्या सूचनेप्रमाणे प्रत्यक्ष काम जिल्हाधिकारी कार्यालय पाहतं, नोटिशीवर सही तिथली असते. गुण अर्धाच द्यायचा, पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्यापासूनच सुरुवात करावी.

पहिल्या प्रकारचं पोकळ कारण ओळखायची खूण सोपी आहे. कारणाच्या ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं: विधानात नसलेला एक तरी शब्द इथं नवीन माहिती घेऊन आलाय का? ‘राज्य’ आला, तर आला. ‘नाही’ हा शब्द माहिती नव्हे.

दुरुस्त करून लिहायचा प्रकार मधला आहे, आणि सहावी-सातवीला तोच बरा. तिथं एक अट पाळावी: जो शब्द बदलायचा त्याखाली रेघ मारून द्यावी. ‘भारताचा निवडणूक आयोग’ याखाली रेघ असेल, तर मूल ‘राज्य निवडणूक आयोग’ लिहितं. रेघ नसेल, तर ‘घेतो’चं ‘घेत नाही’ करतं, आणि व्याकरणानं ते बरोबरच ठरतं, गुण कापता येत नाहीत. मात्र बरोबर असलेल्या विधानाला या प्रकारात काहीच लिहायचं नसतं. तिथं पुन्हा अंदाज चालतो.

कारण मागायचं असेल, तर विधानच कारण सहन करणारं हवं. ‘गावातील सर्व मतदार ग्रामसभेचे सभासद असतात’ ही व्याख्या आहे. बरोबर म्हटल्यावर मुलानं पुढं लिहायचं काय? ते तेच वाक्य उलटंसुलटं करतं. असं विधान एका गुणाच्या प्रश्नात टाकावं. त्याऐवजी ‘आरक्षणामुळे स्थानिक शासनातील महिलांचा सहभाग वाढला’ हे घेतलं, तर सांगायला काहीतरी असतं: ७३व्या घटनादुरुस्तीनं किमान एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्रानं २०११ साली त्या निम्म्यावर नेल्या.

आणि ‘सरपंचाची निवड ग्रामपंचायतीचे सदस्य करतात’ हे विधान कुठल्याच प्रकारात देऊ नका. २०१७ साली सरपंच थेट जनतेतून आला, २०२० साली निवड पुन्हा सदस्यांकडे गेली, २०२२ साली परत थेट झाली. करवीरच्या खेड्यातून येणारं पोर घरी पाहिलेलं लिहितं, शहरातलं जुन्या गाइडातलं लिहितं, आणि तपासताना दोघांशी काय न्याय करायचा ते कळत नाही.

वेळेचंही सांगते. साठ पोरांचा वर्ग आणि पाच कारणं म्हणजे तीनशे ओळी. एकीला वीस सेकंद धरले तरी शंभर मिनिटं जातात. नुसतं चूक-बरोबर तेवढ्या वर्गाचं पंधरा मिनिटांत होतं. म्हणून आठवड्याच्या उजळणीला मी नुसतंच विचारते, गुणही नोंदवत नाही. सहावी-सातवीच्या चाचणीला रेघ मारून दुरुस्ती. आठवीपासून कारण, अर्धा-एक-अर्धा, आणि छापील पेपरात ‘कारण’ या शब्दापुढं दोन ओळी मोकळ्या. एकच ओळ दिली, तर दुसऱ्या उत्तरातलं ‘आणि जिल्हा परिषद ही स्थानिक संस्था आहे’ हे जोडणारं वाक्य मुलं जागेअभावी सोडून देतात, आणि नेमका त्याचाच अर्धा गुण जातो.