चोकर, झुमका, कडं, कफ, स्टेटमेंट इअररिंग: फोटोखाली कोणता शब्द लिहाल?

फॅशनच्या पानासाठी लिहिताना विशेषणं सुचण्याआधी दागिन्याचं नाव पक्कं करावं. दागिना अंगावर कुठे बसतो, कसा मिटतो आणि हलतो का, एवढं फोटोत पाहिलं तरी बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

गळ्याभोवती घट्ट बसणारा कुठलाही हार चोकर म्हणून चालतो. साधारण १४ ते १६ इंचांचा. पण सोन्याचे बारीक मणी दाटीने ओवलेले असतील तर ती ठुशी, आणि मोत्यांनी मढवलेल्या चौकोनी पेट्या एकमेकींना जोडलेल्या असतील तर चिंचपेटी. मराठी वाचकासाठी मी हीच नावं निवडेन, कारण त्यांत घडण आपोआप सांगून होते. मखमली पट्टी किंवा चामड्याचा पट्टा असेल तर मात्र चोकरच बरोबर.

कडं आणि कफ यांची गल्लत सर्वांत जास्त होते. कडं मनगटाभोवती पूर्ण फिरतं. हातातून सरकवतात, नाहीतर मळसूत्र फिरवून उघडतात. कफला एका बाजूला फट असते आणि तो मनगटाच्या कडेने चढवतात. फोटोत मनगटाची आतली बाजू दिसत नसेल तर स्टायलिस्टला विचारावं. कानाच्या बाहेरच्या कडेवर अडकवतात तोही कफच, म्हणून हातातला की कानातला हे लिहावंच. शीख व्यक्तीच्या हातातलं लोखंडी किंवा पोलादी कडं पाच ककारांपैकी, म्हणजे शीख धर्माच्या पाच खुणांपैकी एक आहे. त्याला ‘ॲक्सेसरी’ म्हणू नये.

कानाशी निर्णय वेगळा असतो. झुमका हा आकार आहे: वर कुडी, खाली घुमट, घुमटाच्या काठाला लोंबणारे मोती किंवा घुंगरू. स्टेटमेंट इअररिंग मात्र कुठल्याही आकाराची असू शकते. बाकी सगळा साज मागे सारून ती चेहऱ्याचा ताबा घेते, म्हणून तिला ते नाव. मोठा झुमकाही स्टेटमेंट ठरू शकतो, तरी ‘झुमका’ लिहिल्यावर वाचकाला तो दिसतो. नुसत्या ‘स्टेटमेंट’ने काहीच दिसत नाही. पितळी पत्र्याची वाकडी पट्टी खांद्यापर्यंत लोंबत असेल, तिला रूढ नाव नसेल, तेव्हा हा शब्द वापरावा आणि लगेच आकार, धातू, लांबी सांगावी.

समजा, जांभळ्या पैठणीतल्या मॉडेलचा फोटो आहे. एक मजकूर असा: ‘स्टेटमेंट चोकर, स्टेटमेंट इअररिंग्ज आणि देखणं कडं.’ दुसरा असा: ‘गळ्यालगत ठुशी, जबड्याच्या रेषेपर्यंत आलेले मोत्यांचे झुमके आणि मनगटावर तीन बोटं रुंद चांदीचा कफ.’ मी दुसरा छापेन. जागा कमी पडली तर झुमक्यांचे मोती गाळेन, कफ ठेवेन. पैठणीवर पाटल्या-तोड्यांऐवजी चांदीचा कफ घातलाय, त्या फोटोत नवं तेच आहे.