रात्रीचा फुकट डेटा: आठ महिने वापरल्यानंतर

आमच्याकडे तालुक्याच्या गावात एका स्थानिक कंपनीचं फायबर आहे. ४० एमबीपीएस, महिन्याला १५० जीबी, त्यानंतर स्पीड २ एमबीपीएस, आणि रात्री २ ते सकाळी ८ 'अनलिमिटेड'. मी हा प्लॅन घेतला तो या शेवटच्या ओळीसाठीच. स्पीड, राउटर, बिल यांबद्दल तक्रार नाही, त्यामुळे पुढे सगळं रात्रीबद्दलच आहे.

रात्रीची वेळ जो तो आपल्या सोयीने ठरवतो. बीएसएनएलच्या जुन्या डीएसएलवर २ ते ८ असायची. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा मोबाइलवर २ ते ५ होती. व्हीआयने २०२१ मध्ये प्रीपेडवर आणली ती रात्री १२ ते ६. म्हणून आधी आपली वेळ नीट वाचा. '२ ते ८' म्हणजे दीड वाजता लावलेलं डाउनलोड पहिला अर्धा तास तुमच्याच खिशातून जातं. अपलोडही मोजलं जातं, तेव्हा फोटोंचा बॅकअपही रात्रीच ठेवा.

इथवर सोपं होतं. मग एका महिन्यात १७ तारखेलाच कोटा संपला. दिवसा आम्ही व्हिडिओसुद्धा कमी दर्जात बघतो, मग गेला कुठे? पोर्टलवर 'सेशन हिस्टरी' उघडली. एकच ओळ होती: सुरुवात रात्री ९:४०, शेवट दुसऱ्या दिवशी सकाळी ९:१५, वापर ७१ जीबी. त्यातली ६२ जीबी म्हणजे मुलाचा गेम, दोन वाजून गेल्यावर सुरू केलेला. ४० एमबीपीएसला तासाला १८ जीबी उतरतं, म्हणजे साडेतीन तासांचं काम, सहाच्या आत आटोपलेलं. तरीही सगळे ७१ दिवसाच्या खात्यात.

फोन केला तर पहिलं उत्तर, "काका, वायफाय कोणीतरी वापरत असेल." दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा, तेच उत्तर. तिसऱ्या वेळी लाइन जोडणारा पोरगाच भेटला आणि त्याने खरं सांगितलं: "काका, आमचं सिस्टीम सेशन कधी सुरू झालं तेच बघतं."

झालं असं. राउटर लॉगिन करतो तेव्हा सेशन उघडतं आणि तुटतं तेव्हा बंद होतं. नीट बसवलेल्या यंत्रणेत मधूनमधून, समजा दर दहा मिनिटांनी, वापराचा आकडा सर्व्हरला जातो. त्यावरून २ च्या आधीचं, २ ते ८ मधलं आणि ८ नंतरचं वेगळं काढता येतं. आमच्याकडे हिशेब फक्त शेवटी होतो आणि तो सुरुवातीच्या वेळेला चिकटतो. राउटर रात्रंदिवस चालू ठेवणाऱ्याला म्हणूनच रात्र कधी लाभत नाही.

तुमच्याकडेही असंच असेल, तर सेशन तोडून रात्र फुकट मिळते का ते एका रात्रीत कळतं. दोन वाजून पाच मिनिटांनी राउटरच्या पानावर जाऊन 'डिसकनेक्ट' करा, पुन्हा जोडा, काहीतरी मोठं उतरवा, ८ च्या पाच मिनिटं आधी पुन्हा तोडा. सकाळी त्या ओळीतला आकडा उरलेल्या कोट्यातून वजा झालाय का, ते बघा. पाच मिनिटांची मोकळीक दोन्हीकडे ठेवायचीच, कारण त्यांचं घड्याळ आणि आपलं घड्याळ जुळेलच असं नाही. प्लग उपटू नका. तसं केलं तर जुनं सेशन सर्व्हरवर काही वेळ लटकत राहतं.

रोज रात्री कोण उठणार? मी राउटरमध्ये रीबूटचं शेड्यूल लावलं, २:०५ आणि ७:५५. पहिल्या रात्री काहीच झालं नाही, सकाळी साडेसातनंतर मात्र इंटरनेट गेलं. राउटरचा टाइम झोन ग्रीनिचवर होता आणि त्याचे २:०५ म्हणजे आपले ७:३५. +५:३० केल्यावर सुरळीत झालं, आणि पुढचा महिना कोटा २९ तारखेपर्यंत टिकला. तेव्हा माझं मत बदललं आणि मी शेजाऱ्यांनाही हाच प्लॅन सुचवला.

मग २९ तारखेला नवीन गंमत. कोटा संपलेला, तरी रात्र अनलिमिटेड. पण स्पीड? रात्रीसुद्धा २ एमबीपीएसच! या वेगाने सहा तासांत जेमतेम ५.४ जीबी उतरतं. तोच ६२ जीबीचा गेम बारा रात्री चालला असता. डेटा मोजत नाहीत हे खरं, पण उतरतच नाही तर मोजणार काय? कंपनीचं म्हणणं, 'अनलिमिटेड' लिहिलंय, 'फुल स्पीड' नाही. कागदावर ते बरोबरच आहे, म्हणून राग जास्त येतो.

म्हणजे प्लॅन घेण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: वेळ कोणती, रात्रीचा वापर कोट्यात धरतात का, आणि कोटा संपल्यावर रात्रीचा स्पीड किती. तिसरा प्रश्न विचारल्यावर समोरचा गप्प झाला, तर उत्तर मिळालं समजा.

वर्षाचे पैसे एकदम भरले तर एक महिना फुकट म्हणतात. मी महिन्याचंच भरतोय.