संध्याकाळचं तीस लिटर दूध सकाळपर्यंत : बर्फाचा हौद की कूलर?

इंदूरला, राऊच्या बाजूला, माझ्या मावसभावाकडे पाच म्हशी आहेत. संध्याकाळचं तीसेक लिटर दूध सकाळी सहाला शहरात घरोघर जातं. मे महिन्यात ते दोनदा उकळताना फुटलं, तेव्हा प्रश्न आला: बर्फाच्या हौदावर भागवायचं की छोटा बल्क कूलर, म्हणजे दूध थंड करणारी विजेची टाकी, घ्यायची?

दूध सडातून ३७-३८ अंशांवर निघतं. ताज्या दुधात जंतूंना रोखणारी स्वतःची ताकद असते, पण ती दोन-तीन तासच पुरते. त्यामुळे त्याच्या आत दूध थंड व्हायला हवं.

हौदाचा हिशोब असा. आधी बोअरच्या पाण्यात कॅन ठेवून दूध २९-३० अंशांवर आणायचं, मग ते पाणी काढून ताज्या पाण्यात बर्फ टाकायचा. दहा अंशांपर्यंत न्यायला हिशोबाने सहा किलो बर्फ पुरतो. पण बराचसा बर्फ हवेच्या उष्णतेतच वितळतो आणि रात्रही काढायची असते, म्हणून पंधरा किलो धरा. हौदाला झाकण आणि थर्माकोल हवंच. पाण्याची पातळी कॅनमधल्या दुधापेक्षा वर ठेवा आणि पहिला अर्धा तास स्टीलच्या ढवळणीने ढवळत राहा, नाहीतर मधलं दूध कोमटच राहतं. बर्फ दुधात मात्र कधीच टाकू नका.

कूलर चार अंशांवर नेतो आणि रात्रभर तिथेच ठेवतो. एवढ्या दुधाला वीजही थोडीच लागते, फार तर एक-दोन युनिट. पण शंभर लिटरच्या टाकीत तीस लिटर दूध तळाशीच राहतं आणि ढवळणारा पंखा त्याला नीट पोहोचतो का, हे विकत घेण्याआधी पाहूनच घ्या. दिवे गेले तर पर्यायही लागतो.

तीस लिटरला मी हौदच सुचवला. साठ-सत्तरवर गेलात तर रोज बर्फ वाहण्यापेक्षा कूलर परवडतो.

पण खरी गोम वेगळीच निघाली. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. भाऊ कास धुवायचा, पण पुसायचा नाही. मग ओल्या कासेवरून मळकट पाणी सडांवरून थेट बादलीत उतरायचं. आता तो प्रत्येक म्हशीला वेगळं, उकळून वाळवलेलं फडकं वापरतो, आणि पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर काढून गुठळ्या पाहतो. कॅन आधी थंड पाण्याने विसळतो, मग सोड्याच्या गरम पाण्याने ब्रशने घासतो. आधीच उकळतं पाणी ओतलं की दुधाचा थर भांड्याला चिकटतो, आणि झाकणाच्या खोबणीत बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागतं.

दोष कुठे आहे ते कळायला मिथिलीन ब्लूची चाचणी करा. दहा मिलीलिटर दुधात एक मिलीलिटर द्रावण घालून ३७ अंशांच्या पाण्यात ठेवा. जंतू जितके जास्त तितका निळा रंग लवकर जातो: अर्ध्या तासात गेला तर दूध फारच वाईट, पाच तास टिकला तर उत्तम. नमुना एकदा धार काढल्याबरोबर आणि एकदा सकाळी घ्या. संध्याकाळचाच रंग लवकर उडाला तर कूलरवर पैसे घालू नका. आधी फडकी आणि कॅन बदला.