टीव्हीखालचा बिनफॅनचा पीसी: एन१०० घ्यावा की आय३?

राजारामपुरीतल्या मामांना टीव्हीला जोडायला पीसी हवा होता. अट एकच: रात्री घर झोपल्यावर पिक्चर बघताना फॅनची घरघर ऐकू येता कामा नये. दोन पर्याय समोर होते.

पहिला इंटेल एन१००चा मिनी-आयटीएक्स बोर्ड. प्रोसेसर बोर्डवरच सोल्डर केलेला, टीडीपी, म्हणजे साधारण किती उष्णता बाहेर पडते ते, ६ वॅट, आणि काही बोर्डांवर ती उष्णता हवेत सोडणारा धातूचा हीटसिंक असा येतो की फॅन लागतच नाही. दुसरा आय३-१२१००टी, ३५ वॅटचा. त्याला अशी केस लागते जिची बाजूची जाड ॲल्युमिनियम भिंतच हीटसिंक असते. प्रोसेसरची उष्णता हीटपाइपमधून त्या भिंतीत जाते. केस देखणी असते, पण खर्च तिथेच वाढतो.

निव्वळ पिक्चर बघायचा तर आय३चा जास्तीचा वेग पडद्यावर दिसत नाही. १०-बिट एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ हे तिन्ही व्हिडिओ फॉरमॅट दोघांच्या ग्राफिक्समध्येच उलगडतात, मुख्य कोअर जवळजवळ मोकळे राहतात. लिनक्सवर खात्री करायची तर हे चालवा:

```
vainfo | grep AV1
```

`VAProfileAV1Profile0` समोर `VAEntrypointVLD` दिसलं की चिपची आणि ड्रायव्हरची बाजू ठीक. तरी ४केला सीपीयू ८०-९० टक्क्यांवर जात असेल, तर बहुधा प्लेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद आहे. अशा वेळी बिनफॅनची मशीन विनाकारण तापते.

खरा प्रश्न हवेचा आहे. हीटसिंक खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. एप्रिलच्या दुपारी इथल्या घरात ३५ अंश असले, तर मोजणी तिथूनच सुरू होते. मामांचं टीव्हीचं कपाट सागवानी, पुढे काच, मागे प्लायवूड. दार लावून दोन तास पिक्चर चालवला तर एन१०० ८४ अंशांवर गेला. मागच्या प्लायला खाली एक आणि वर एक भोक पाडलं. खालून गार हवा आत, वरून गरम बाहेर. त्याच वेळी, त्याच पिक्चरला ६६. केस घेताना म्हणूनच वरची जाळी बघा, आणि हीटसिंकच्या पट्ट्या उभ्या राहतील असा बोर्ड बसवा. आडव्या पट्ट्यांमध्ये हवा अडकते. बंद कपाटात ३५ वॅटचा आय३ तर मी ठेवणारच नाही.

त्याच पीसीवर फोटोंचं काम किंवा हलके गेम करायचे असतील तर आय३ घ्या, पण तो उघड्या फळीवर ठेवा. मामांसाठी मी एन१००, ८ जीबी रॅम आणि एसएसडी घेतली. तरी रात्री बारीक गुणगुण येत होती. ती यूएसबी हार्ड डिस्कची निघाली, लाकडी फळी तिच्यासोबत थरथरत होती. डिस्क आतल्या खोलीत राउटरला जोडली, पीसीपर्यंत लॅनची वायर ओढली आणि गुणगुण गेली.